डेटिंग अ‍ॅपवर कोणते नाव लिहावे? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रोफाइल तयार करून देताना आम्ही छायाचित्रांच्याही आधी नावाविषयी विचारतो, कारण काही अ‍ॅपवर एकदा लिहिलेले नाव नंतर सहज बदलता येत नाही आणि फेसबुकवरून खाते उघडल्यास तिथलेच नाव आपोआप येऊ शकते.

आडनाव लिहू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र आडनाव न लिहिताही ओळख उघड होते, ती नावाच्या दुर्मीळपणामुळे. ‘स्नेहा’ एवढ्याच नावावरून पुण्यातली नेमकी स्नेहा शोधणे कठीण आहे. ‘मृण्मयी’ आणि सोबत ‘फिजिओथेरपिस्ट’ एवढे दोनच शब्द शोधयंत्रात टाकले, तर दवाखान्याच्या संकेतस्थळापर्यंत पोहोचता येण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून नाव प्रचलित असेल तर तेच ठेवावे आणि दुर्मीळ असेल तर त्याचे लघुरूप घ्यावे, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल, कोथरूडला राहणाऱ्या एका काल्पनिक मृण्मयीने प्रथम `DrMrunmayee_411038` असे नाव निवडले आहे, असे समजू. यातील `Dr` व्यवसाय सांगतो आणि शेवटचे सहा अंक कोथरूडचा पिनकोड आहेत. ते काढून उरलेले `Mrunmayee` हेच तिचे इन्स्टाग्रामवरचे नाव असेल, तर धोका तसाच राहतो. `Manu` सुटसुटीत आहे, पण ते मुलाचेही वाटू शकते. घरी तिला ‘मृणू’ म्हणतात. `Mrunu` हे नाव आपुलकीचे आहे, लक्षात राहते आणि प्रत्यक्ष भेटीत कोणी त्या नावाने हाक मारली तर ती सहज वळून पाहील. हे शेवटचे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पूर्णपणे खोटे नाव घेतल्यास पहिल्याच भेटीत खुलासा करावा लागतो आणि समोरच्याचा विश्वास तिथेच डळमळतो. ‘एंजल’, ‘ड्रीमगर्ल’ यांसारखी नावे सुरक्षित असली, तरी त्यांतून माणूस दिसत नाही.

आडनावाचे आद्याक्षरही टाळावे. ‘-कर’ने संपणारे आडनाव अनेकदा मूळ गाव सांगते आणि `MH12` सारखा वाहन क्रमांकाचा भाग शहर सांगतो.

नाव ठरल्यावर ते शहराच्या आणि व्यवसायाच्या नावासह शोधयंत्रात टाकून पाहावे. पहिल्या पानावर आपला चेहरा किंवा कार्यालय दिसले, तर दुसरे रूप निवडावे. प्रोफाइलमध्ये वापरायची छायाचित्रेही प्रतिमाशोधात तपासावीत. तेच छायाचित्र कार्यालयाच्या संकेतस्थळावर असेल, तर नाव बदलून काही उपयोग होत नाही.

या नावाचे संरक्षण अ‍ॅपपुरतेच आहे. गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या की तिथल्या प्रोफाइलचे नाव समोरच्याला दिसते आणि यूपीआयने कॉफीचे पैसे पाठवले की बँकेत नोंदवलेले नाव, बहुधा आडनावासह, त्याच्या पडद्यावर येते. त्यामुळे पहिल्या काही भेटींत आपल्या वाट्याचे पैसे रोख द्यावेत.