चिकटपट्टीचा डाग लाल चॅनलला दिसत नाही

आत्याच्या लग्नाचा फोटो १९६४चा. सेलूच्या घरी ओसरीवर सगळे ओळीने उभे आहेत, मधे आजी बसलेली. फोटो पोस्टकार्डाएवढाच आहे आणि कधीतरी तो तिरका फाटला. घरातल्या कुणीतरी त्यावर पुढूनच दोन चिकटपट्ट्या लावल्या. वर्षं गेली, पट्टीचा प्लास्टिकसारखा पापुद्रा वाळून गळून पडला आणि मागे तपकिरी पट्टे उरले. एक आजोबांच्या फेट्यावरून जातो, दुसरा आत्याच्या शालूवरून. शिवाय अल्बमच्या दोन पानांमध्ये असतो ना, कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, त्याची जाळी सगळ्या फोटोवर उमटलेली.

मी हे काम हातात घेण्याआधी फोटो एका दुकानात जाऊन आला होता. तिथे तो ग्रेस्केलमध्ये स्कॅन झाला. "काळा-पांढराच तर आहे, रंगीत कशाला?" हे त्यांचं म्हणणं. मग पट्ट्याखालचा भाग शेजारचे तुकडे उचलून भरला गेला आणि आजोबांचा फेटा पिठाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत झाला. फेट्याचे पेच खरं तर डागाखाली शाबूत होते. ते दिसले नाहीत, कारण स्कॅन करतानाच त्यांची वाट बंद झाली होती.

डाग कसा होतो हे आधी पाहू. जुन्या चिकटपट्टीचा गोंद रबर आणि राळ यांचा असे. रबराच्या लांब साखळ्यांवर हवेतला ऑक्सिजन काम करत राहतो. सुरुवातीला गोंद मऊ, तेलकट होतो आणि पसरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या फोटोला ऊब कमी नसते, त्यामुळे हे पसरणं आणखी सोपं. पुढे तोच गोंद कडक, ठिसूळ आणि पिवळा-तपकिरी होतो. फाटल्याच्या रेषेवर फोटोचा वरचा थर मोडलेला असतो. तिथे गोंद थेट कागदात मुरतो, म्हणून डाग त्या रेषेवर सगळ्यात गडद दिसतो.

आता डाग पिवळा-तपकिरी दिसतो म्हणजे काय होतं? तो निळा प्रकाश गिळतो, हिरवा थोडा गिळतो आणि लाल जवळजवळ सगळा सोडून देतो. स्कॅनर प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा अशी तीन वेगळी मापं घेतो, त्यांनाच चॅनल म्हणतात. काळ्या-पांढऱ्या फोटोतलं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं, आणि ते कण तिन्ही रंग साधारण सारखेच अडवतात. म्हणजे चित्र तिन्ही चॅनलमध्ये आहे आणि डाग मुख्यतः निळ्यात. डाग पुसायची गरज नाही. जिथे तो नाही, तिथून फोटो घ्यायचा.

शालूच्या उजळ भागावर मी दोन ठिकाणी मापं घेतली, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या पट्टीवर. स्वच्छ जागी लाल १८४, हिरवा १७६, निळा १५०. कागद स्वतःच पिवळसर झालाय, म्हणून निळा आधीच कमी. पट्ट्याखाली लाल १७९, हिरवा १४१, निळा ७२. निळ्यात ७८चा खड्डा, लालमध्ये फक्त ५चा. ग्रेस्केल करताना साधारण ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा असं मिश्रण होतं. ते केलं की स्वच्छ जागी १७५ किंवा १७६ येतात आणि डागाखाली १४४ किंवा १४५. जो फरक ५वर आणता येत होता, तो ३०च्या घरात फोटोत कायमचा मिसळला. एकदा असं मिश्रण झालं की त्यातून लाल वेगळा काढता येत नाही.

म्हणून फोटो कितीही काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. ६०० डीपीआय, ४८ बिट, टिफ फाइल. पोस्टकार्डाएवढ्या फोटोची ती सुमारे ४० एमबी होते, होऊ द्या. जेपीईजी रंगांची माहिती जागा वाचवण्यासाठी विरळ करतो, आणि आपल्याला तर चॅनल वेगळे करायचे आहेत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप रंगसुधारणा, धूळ काढणं आणि शार्पनिंग बंद ठेवा. शार्पनिंग जाळीच्या कडांना आणखी उठाव देतं. पट्टी अजून चिकटलेली असेल तर ओढू नका, ती फोटोचा थर घेऊनच निघते. पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. आहे तसा स्कॅन करा.

आता जाळी. ती डाग आहे की उठाव, हे आधी ठरवावं लागतं. अंधारात फोटो टेबलावर ठेवून मोबाइलचा टॉर्च अगदी कडेने, आडवा धरा. आत्याच्या फोटोवर जाळीच्या रेषांची लगेच सावली पडली, समोरून उजेड टाकला की ती गायब. म्हणजे हा उठाव. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात दमट हवेत तो ओल धरून मऊ पडतो, आणि दाबून बंद केलेल्या अल्बममध्ये शेजारच्या कागदाची नक्षी ओल्या मातीवर ठसा उठावा तशी त्यात उठते. हवा कोरडी झाली की ठसा तसाच वाळतो. इथे लाल चॅनल कामाचा नाही, कारण सावलीला रंग नसतो.

पण सावलीला दिशा असते. पुष्कळ स्कॅनरमध्ये उजेड एकाच बाजूने, तिरका पडतो. स्कॅन मोठा करून पाहिला तेव्हा गंमत दिसली. जाळ्याच्या उजेडाला आडव्या रेषा स्पष्ट होत्या, एका काठाला उजळ आणि दुसऱ्याला काळ्या. उजेडाच्या दिशेनेच जाणाऱ्या रेषा मात्र जवळजवळ दिसतच नव्हत्या. मग फोटो काचेवर १८० अंश फिरवून दुसरा स्कॅन घेतला. आता उजळ काठ काळा झाला आणि काळा उजळ. दुसरा स्कॅन संगणकावर परत सुलटा केला, पहिल्यावर नेमका बसवला आणि दोन्हींची सरासरी काढली. चित्र दोन्हींत सारखं, त्यामुळे ते राहिलं. उतारांची उजळ-काळी जोडी एकमेकींना खोडून गेली.

मी ते असं केलं. `a.tif` पहिला स्कॅन, `b.tif` फिरवलेला. जुळवणीचं काम फोटो जोडणाऱ्या हगिन या प्रोग्रामसोबत येणारा `align_image_stack` करतो, बाकी सगळं इमेजमॅजिक हा प्रोग्राम.

```
magick b.tif -rotate 180 b2.tif
align_image_stack -a ali_ a.tif b2.tif
magick ali_0000.tif ali_0001.tif -evaluate-sequence mean avg.tif
magick avg.tif -channel R -separate red.tif
```

तिसऱ्या ओळीनंतर थांबून नीट पाहायचं. मी आत्याच्या मंगळसूत्राचे मणी मोठे करून पाहते. मणी दुहेरी किंवा पुसट दिसले तर जुळवणी फसली आहे आणि सरासरीने जाळीबरोबर फोटोही धुवून निघालाय. पहिल्या खेपेला माझं तेच झालं. फोटो कडांना वळलेला होता आणि दोन वेळा काचेवर वेगवेगळा दबला. वरून जाड पुस्तकाचं वजन ठेवून दोन्ही स्कॅन पुन्हा घेतले, मग मणी सुटे दिसले. जाळीचे चकाकणारे ठिपके काही ठिकाणी तरीही राहिले, कारण चकाकी दोन्ही बाजूंनी सारखी खोडली जात नाही. ते हाताने भरले. एकसारखी दाणेदार नक्षी असलेल्या कागदावरच्या फोटोंसाठी फूरिए रूपांतराने नक्षी गाळता येते. कोळ्याच्या जाळ्याला तसा ठरावीक फेर नसतो, म्हणून तो मार्ग मी इथे घेतला नाही.

चौथ्या ओळीने लाल चॅनल वेगळा निघाला. फेट्याचे पेच दिसले, मला ते एकेक मोजता येत होते. पट्ट्याची फिकट सावली मात्र उरली होती. शालूवर ती ५ची, फाटल्याच्या रेषेजवळ आणखी जास्त. ती उजळायची तर डाग नेमका कुठे किती आहे याचा नकाशा हवा, आणि तो निळा चॅनलच देतो. `avg.tif` जिम्प या फोटो-संपादकात उघडून Colors > Components > Decompose केलं की तिन्ही चॅनल थरांसारखे वेगळे होतात. हिरवा थर लपवायचा, निळा खाली, लाल वर, आणि वरच्या थराचा मोड Divide. प्रत्येक ठिपक्यावर निळ्याला लालने भागलं जातं. स्वच्छ जागी उजळ शालूवर १५० भागिले १८४, म्हणजे ०.८२. काळ्या केसांवर ३३ भागिले ४०, तेही ०.८२च. डागाखाली ७२ भागिले १७९, म्हणजे ०.४०. चित्र भागाकारात विरघळतं, डाग तेवढा उरतो. पडद्यावर माणसं नाहीशी झाली आणि दोन पट्टे, त्यांच्या कडेने पसरलेलं तेल, चार कोपऱ्यांवर अल्बमच्या कोपऱ्यांखाली झाकलेले त्रिकोण, एवढंच दिसत होतं. अगदी गडद भागांत हा नकाशा खडबडीत येतो, लहान आकड्यांचा भागाकार डळमळतो. म्हणून तो किंचित धूसर करून घ्यायचा.

हाच नकाशा उलटा करून लाल चॅनलच्या उजळ केलेल्या प्रतीला मास्क म्हणून लावला, म्हणजे जिथे डाग जास्त तिथेच ती प्रत जास्त दिसते. उजळवायचं ते ठरावीक आकडा मिळवून नाही, गुणून. डाग हा चित्रावर ठेवलेल्या रंगीत काचेसारखा असतो, उजेडाचा ठरावीक हिस्सा खातो. इथे १८४ भागिले १७९, म्हणजे जेमतेम तीन टक्के. सगळीकडे सरसकट ५ मिळवले असते तर डागाखालचे काळे भाग राखाडी पडले असते. एवढं झाल्यावरही जे लाल चॅनलमध्ये दिसतं, ते डाग नसून खरी तूट आहे, तिथला थरच निघून गेलाय. शेजारचा तुकडा उचलून भरायचा तर फक्त तिथे. या फोटोत ती केसाएवढी तिरकी रेघ निघाली, दुकानात मात्र दोन्ही पट्टे पूर्ण रंगवले होते.

फोटो आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, "आईचं कुंकू कुठं गेलं गं?"

आजी सवाष्ण गेली. दर अविधवा नवमीला आत्या अल्बम काढते आणि फोटोतल्या आजीच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावते. कुंकू लाल प्रकाश परत पाठवतं. कपाळाच्या उजळ कातडीवर लाल चॅनलला कुंकू आणि कपाळ यांत काहीच फरक दिसला नाही, त्यामुळे डागाबरोबर तेही गेलं. लाल शाईने लिहिलेली नावं, हाताने रंगवलेले फोटो, शिक्के, सगळ्यांचं असंच होतं. रंगीत फोटोला तर ही रीत लागूच नाही, तिथे लाल चॅनल म्हणजे चित्राचा एक तृतीयांश भाग.

मग `avg.tif` पुन्हा उघडली. कुंकवाचा ठिपका रंगासकट कापून घेतला, काठ मऊ केले आणि तयार फोटोवर त्याच जागी ठेवला. कुंकूही नकाशात डागासारखंच आलं होतं, तेवढा भाग मास्कमधून पुसला. लाल चॅनलचा फोटो राखाडी असतो, म्हणून मूळ कागदाची ऊब स्वच्छ भागावरून मोजून पूर्ण फोटोला हलकेच दिली. दोन्ही मूळ स्कॅन, सरासरी आणि तयार फोटो अशा चार फाइल वेगळ्या ठेवल्या आहेत. छापलेली प्रत आता आत्याच्या देवघराजवळ आहे, आणि मूळ फोटो नक्षी नसलेल्या साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून लाकडी कपाटात.