जोड्या लावा आणि क्रम लावा: पेशी विभाजनाच्या प्रश्नांतला जुना घोळ

'पुढील अवस्था योग्य क्रमाने लिहा: पश्चावस्था, पूर्वावस्था, अंत्यावस्था, मध्यावस्था.' पेशी विभाजनाच्या घटक चाचणीत हा प्रश्न इतक्या वेळा पाहिलाय की आता तो दिसला तरी कंटाळा येतो. जीवशास्त्राचं पुस्तक न उघडलेला मुलगाही तो सोडवेल, कारण उत्तर नावांतच आहे. पूर्व आधी, अंत्य शेवटी, पश्च म्हणजे मागाहूनची, उरली ती मध्य. हा मराठी शब्दांचा प्रश्न झाला. त्याच्याच खाली बहुतेक वेळा 'जोड्या लावा' असतं आणि तिथे 'मध्यावस्था'समोर जायचं वाक्य असतं 'गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी येतात'. मध्यला मध्य, खेळ खलास. तिथे 'विषुववृत्तीय प्रतल' लिहिलं तर निदान शब्दाला शब्द जुळवून तरी गुण मिळणार नाहीत.

अर्थात ही वरवरची चूक झाली, पाच मिनिटांत दुरुस्त होते. स्तंभ 'अ'मधल्या अवस्था ओळीने लिहिणं आणि दोन्ही स्तंभांत चार-चारच नोंदी ठेवणं, हेही त्यातलंच. चाराला चार असल्या की तीन जोड्या जमल्यावर चौथी आपोआप जमते, म्हणजे नेमकी एकच जोडी चुकणं शक्यच नसतं. 'ब' स्तंभात दोन-तीन वाक्यं जास्त घाला आणि पुढे चला.

खरा घोळ वेगळा आहे आणि तो अनुभवी शिक्षकांकडूनही होतो. सगळ्यांना वाटतं की दोन्ही प्रकारांना वाक्यं तीच चालतात. वहीतली सहा वाक्यं उचलली, अवस्थांसमोर मांडली की जोड्या, नावं काढून उलटसुलट केली की क्रम. प्रत्यक्षात जोड्यांना चांगलं असलेलं वाक्य क्रमात पुष्कळदा निरुपयोगी ठरतं आणि क्रमातलं उत्तम वाक्य जोड्यांत भांडण लावतं.

आधी जोड्यांत चालणारी तीन वाक्यं घ्या: गुणसूत्रे आखूड व जाड होतात, केंद्रकी दिसेनाशी होते, तारककेंद्रे विरुद्ध ध्रुवांकडे सरकतात. तिन्ही पूर्वावस्थेतली, त्याबद्दल वाद नाही. आता हीच तीन वाक्यं 'क्रम लावा'मध्ये टाकली तर उत्तर काय? पुस्तकात ज्या ओळीने छापली आहेत ती ओळ. पेशीत मात्र ही कामं एकाच वेळी चाललेली असतात. गुणसूत्रांची गुंडाळी चालू असतानाच तारककेंद्रांच्या जोड्या एकमेकींपासून दूर जात असतात आणि त्याच काळात केंद्रकी फिकी होत जाते. यांतलं एक संपलं म्हणून दुसरं सुरू होतं असं काही नाही. म्हणजे इथे पेशीतला क्रम कुणी विचारतच नाही, परिच्छेदातल्या वाक्यांचा क्रम विचारला जातो.

(कांद्याच्या मुळाच्या टोकाचं चित्र देऊन त्याखाली तारककेंद्रांवर प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा ते चित्र नीट पाहावं. कांद्याच्या पेशीत तारककेंद्रं नसतातच. तर्कू त्यांच्याशिवाय तयार होतो. आणि तो 'तर्कू'च, म्हणजे चाती. 'तुर्कतंतू' असं छापलेलं दिसलं की हा तुर्क कुठून आला असं मुलांनी विचारायला हवं.)

आता उलट बाजू. 'तर्कुतंतू गुणसूत्रबिंदूंना जोडले जातात' हे क्रमासाठी फार चांगलं वाक्य आहे. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशीत केंद्रकावरण शाबूत असेपर्यंत बाहेरचे तंतू आतल्या गुणसूत्रांपर्यंत पोचू शकत नाहीत, म्हणून ही घटना आवरण फुटण्याच्या आधी येऊच शकत नाही. आणि दोन्ही ध्रुवांकडून ताण आल्याशिवाय गुणसूत्रं मधल्या प्रतलावर एका रेषेत टिकून राहत नाहीत, म्हणून ती रांग पूर्ण होण्याच्या आधीच हे जोडकाम व्हावं लागतं. दोन्हीकडून जागा पक्की. पण हेच वाक्य जोड्यांत टाकून बघा. एक शिक्षक म्हणतील पूर्वावस्थेचा शेवट, दुसरे म्हणतील मध्यावस्था, आणि वरच्या वर्गाचं पुस्तक मध्ये आणखी एक अवस्था घालून ही घटना तिच्या नावावर करेल. तिघांनाही आधार आहे. वाद अवस्थेची रेघ कुठे मारायची याचा आहे, घटना कधी घडते याचा नाही.

ही रेघ माणसांनी मारलेली आहे, हे विसरलं की असा घोळ होतो. वॉल्थर फ्लेमिंगने १८८२ मध्ये सूत्री विभाजनावरचं त्याचं पुस्तक काढलं, तेव्हा या चार अवस्थांची नावं अजून ठरलेली नव्हती. सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या रंगवलेल्या पेशी तो पाहत होता. रंगवलेली पेशी मेलेली असते, ती एकाच क्षणी गोठलेली असते. अशा शेकडो गोठलेल्या चित्रांतून आधी कुठलं आणि नंतर कुठलं हे त्याला लावावं लागलं, आणि पडताळा म्हणून जिवंत पेशीही पाहाव्या लागल्या. म्हणजे क्रम आधी लागला. पूर्वा, मध्या आणि पश्चा या तीन अवस्थांची मूळ नावं श्ट्रासबुर्गरने १८८४ मध्ये वापरली आणि अंत्यावस्थेचं नाव तर १८९४ मध्ये हायडेनहाइनने दिलं. वाहत्या क्रियेवर नंतर लावलेल्या या पाट्या आहेत. जोड्यांचा प्रश्न पाटी ओळखायला लावतो, क्रमाचा प्रश्न क्रिया विचारतो.

यावरून मी एक साधी कसोटी लावते, ती क्रियापदाची. जोड्यांच्या वाक्याचा शेवट 'असते', 'दिसते', 'आहेत' असा करून पाहावा. 'सर्व गुणसूत्रे विषुववृत्तीय प्रतलावर ओळीत आहेत' हे सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत दिसणारं दृश्य आहे, आणि त्यावरून मध्यावस्था ओळखता येते. क्रमाच्या वाक्याचा शेवट मात्र क्षण दाखवणारा हवा: सुटतात, फुटते, पूर्ण होते. 'जीवद्रव्याचे विभाजन होते' हे वाक्य क्रमात का नको, ते इथे कळतं. प्राण्यांच्या पेशीत मधली खाच पश्चावस्था संपत आलेली असतानाच पडायला लागते आणि दोन पेशी सुट्या होतात त्या अंत्यावस्थेनंतर. मग 'होते' म्हणजे कधी? 'दोन पेशी एकमेकींपासून वेगळ्या होतात' असं लिहिलं की जागा एकच उरते.

दुसरी कसोटी 'आधी का नाही?' या प्रश्नाची. क्रमातल्या प्रत्येक वाक्यासमोर हा प्रश्न लिहून उत्तर देता आलं पाहिजे. अर्धगुणसूत्रं आधी का सुटत नाहीत? कारण शेवटचं गुणसूत्र दोन्ही ध्रुवांच्या तंतूंना जोडलं जाईपर्यंत पेशी त्यांना धरून ठेवते. एक जरी राहिलं तरी सगळ्यांची सुटका थांबते. असं उत्तर नसेल, तर ते वाक्य जोड्यांकडे पाठवा किंवा खोडा.

एवढं सगळं सांगूनही माझा एक प्रश्न फसला, तो असा. मी पाच वाक्यं दिली होती. क: डीएनएची प्रत तयार होते. ख: केंद्रकावरण नाहीसे होते. ग: तर्कुतंतू गुणसूत्रबिंदूंना जोडले जातात. घ: अर्धगुणसूत्रे एकमेकांपासून सुटतात. च: दोन्ही ध्रुवांशी नवे केंद्रकावरण तयार होते. 'क' मुद्दाम घातलं होतं. पूर्वावस्थेत गुणसूत्र दुहेरी दिसतं म्हणून प्रत तिथेच निघते असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. खरं तर प्रत विभाजन सुरू होण्याच्या आधीच निघालेली असते. फक्त चार अवस्थांच्या जोड्या लावायला दिल्या तर ही चूक कधीच उघडी पडत नाही, कारण त्या वाक्याला जायला योग्य जागाच नसते.

उत्तर अर्थातच क, ख, ग, घ, च. एका मुलीने लिहिलं ख, ग, घ, च, क. तपासणीचा रिवाज असा की पहिल्या जागी पहिलं असेल तर एक गुण, दुसऱ्या जागी दुसरं असेल तर एक. त्या हिशेबाने तिला पाचपैकी शून्य. दुसऱ्या एकाने सगळंच उलटं लिहिलं होतं: च, घ, ग, ख, क. त्याचा 'ग' मधोमध असल्यामुळे जागेवरच राहिला आणि त्याला एक गुण मिळाला. ज्याच्या पेशीत नवं आवरण जुनं आवरण फुटायच्या आधीच तयार होतं, तो एका गुणाने पुढे. शेजारच्या दुव्यांवर गुण दिले असते, म्हणजे 'क'नंतर लगेच 'ख', 'ख'नंतर लगेच 'ग' असे चार दुवे, तर तिला चारपैकी तीन मिळाले असते आणि त्याला शून्य. तेव्हापासून क्रमाचा प्रश्न मी दुव्यांवरच तपासते. जोड्यांत मात्र प्रत्येक जोडी स्वतंत्र असल्यामुळे नेहमीचा हिशेब चालतो.

ती मुलगी पेपर घेऊन आली. मला वाटलं गुणांसाठी आली असेल. ती म्हणाली, "मॅडम, दोन पेशी झाल्यावर त्या पुन्हा विभागायच्या आधी प्रत काढणारच ना? मग 'क' शेवटी का नको?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. पेशीचक्र गोल आहे. गोलावर सुरुवात कुठून करायची ते प्रश्नात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ख, ग, घ, च, क हा त्या गोलावर नेमका बरोबर क्रम होता.

प्रश्न आता असा छापते: 'एका पेशीच्या पुढील विभाजनाची तयारी सुरू होण्यापासून तिच्या दोन पेशी वेगळ्या होईपर्यंतच्या घटना क्रमाने लावा.' अर्धगुणसूत्री विभाजनाला तर हे दुप्पट लागू आहे, कारण तिथे त्याच चार नावांची फेरी दोनदा होते. जोड्या लावायला दिल्या तर अवस्थेपुढे पहिलं की दुसरं विभाजन ते लिहावंच लागतं, नाहीतर 'अर्धगुणसूत्रे सुटतात' हे वाक्य पहिल्या पश्चावस्थेला जोडलं जातं, आणि तिथे सुटतात त्या समजात गुणसूत्रांच्या जोड्या.

त्या मुलीला पाच गुण दिले. उलट्या क्रमवाल्याचा एक गुण काढून घेतला नाही, पण त्याला पाचही वाक्यांसमोर 'आधी का नाही?' लिहून आणायला सांगितलं.