छोटा k, मोठा K आणि जर्मन स्वल्पविराम

साडेसात किलोवॅटच्या जर्मन मोटरीच्या डेटाशीटमध्ये साधारण अशी एक ओळ सापडते:

```
7,5 kW   1.455 min⁻¹   49,2 Nm   Ø38 k6
```

यात भाषांतर करण्याजोगा एकही शब्द नाही. म्हणूनच ती जशीच्या तशी उचलून मराठी पत्रकात चिकटवली जाते, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

जर्मन लिखाणात दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. म्हणजे मोटर साडेसात किलोवॅटची आणि वेग मिनिटाला १४५५ फेरे. टिंब तसंच राहिलं तर वेग दीड फेऱ्यापेक्षाही कमी होतो, पण हा विनोद कुणाच्याही लक्षात येईल. खरी भीती असते ती दोन्ही अर्थ पटण्याजोगे असतात तिथे. व्हॅक्युम पंपाच्या तक्त्यातलं `1.013 mbar` म्हणजे १०१३ मिलिबार, आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. तेच १.०१३ वाचलं तर चांगल्यापैकी निर्वात झालं. फरक हजारपट, आणि पंपाच्या बाबतीत दोन्ही आकडे शोभतात.

मोटरीच्या ओळीची पडताळणी मात्र सोपी आहे. किलोवॅटला ९५५० ने गुणायचं आणि फेऱ्यांनी भागायचं, की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो. ७.५ गुणिले ९५५० म्हणजे ७१,६२५. त्याला १४५५ ने भागलं की ४९.२. ओळीतले तीन आकडे एकमेकांशी जुळले, म्हणजे टिंबं-स्वल्पविराम जागेवर आहेत.

आता `Ø38 k6`. शाफ्टचा व्यास ३८ मिलिमीटर, पण नेमका ३८ कुणीच करू शकत नाही, म्हणून किती फरक चालेल ते `k6` सांगतं. आयएसओ २८६ या मानकानुसार इथे शाफ्ट ३८.००२ ते ३८.०१८ च्या दरम्यान हवा. त्यावर बसणाऱ्या कपलिंगचं भोक `H7` असतं, म्हणजे ३८.००० ते ३८.०२५. या जोडीत कधी जास्तीत जास्त २३ मायक्रॉनची ढिलाई मिळते, तर कधी १८ मायक्रॉनपर्यंतचा ताण, म्हणजे शाफ्टच भोकापेक्षा तेवढा जाड. कपलिंग हलक्या हाताने किंवा थोड्या दाबाने बसतं.

या पद्धतीत मोठं अक्षर भोकाचं आणि छोटं अक्षर शाफ्टचं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. `H7` आणि `h7` दोन्हींचं 'एच७' होतं. मग टर्नरने भोक `h7` च्या मापात, म्हणजे ३७.९७५ ते ३८.००० मध्ये केलं, तर प्रत्येक कपलिंग शाफ्टपेक्षा लहानच निघणार. कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ४३ मायक्रॉन. फिटर हातोडा घेतो, कपलिंग बसतंही, पण त्या ठोक्यांचे व्रण मोटरीच्या बेअरिंगवर उमटतात आणि काही दिवसांनी आवाज येऊ लागतो. दोष मात्र बेअरिंगला लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की अशी चिन्हं आणि त्यांच्या शेजारचे आकडे रोमन लिपीतच ठेवावेत, गेजवर आणि ड्रॉइंगवर असतात तसे.

पीडीएफमधून मजकूर उचलताना आणखी एक गंमत होते. एकावर एक लिहिलेल्या दोन मर्यादा सपाट होऊन `38+0,0250` अशी माळ तयार होते. त्यात वरची मर्यादा `+0,025` आणि खालची `0`, हे मूळ पान पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या फाइलींत ग्रीक अक्षरं 'सिम्बॉल' फाँटमध्ये असतात. फाँट बदलला की `µ` चा `m` होतो आणि `Ω` चा `W`. पाच मायक्रॉन पाच मिलिमीटर होतात, ओहमचे वॅट होतात, आणि स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम गप्प बसतो. अशा वेळी भाषांतर झाल्यावर फक्त चिन्हं आणि आकडे मूळ छापील पानाशी बोट ठेवून जुळवायचे, मजकूर न वाचता.

धोक्याच्या खुणांत मात्र घोळ चिन्हाचा नाही, शब्दाचा असतो. विजेच्या बाणाचा पिवळा त्रिकोण आयएसओ ७०१० प्रमाणे जगभर सारखाच असतो, त्याला हात लावायचा नसतो. किती गंभीर प्रकरण आहे ते शेजारचा शब्द सांगतो. जर्मनमधला 'गेफार' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. 'वार्नुंग' म्हणजे तशी होऊ शकते. 'फोरझिष्ट' म्हणजे किरकोळ ते मध्यम इजा होऊ शकते. मराठीत यांना अनुक्रमे धोका, इशारा आणि खबरदारी असे शब्द एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच वापरावेत. तिसऱ्यासाठी 'सावधान' सहज सुचतं, पण कामगाराच्या कानाला ते 'इशारा'पेक्षा जोरकस वाटतं आणि उतरंड उलटी होते. पत्रक काळ्या-पांढऱ्यात छापायचं असेल तर त्रिकोणाचा पिवळा रंग जाणारच, तेव्हा हा शब्द ठळक छापून त्रिकोणाला अगदी लागून ठेवावा.