वाचतेय की बोलतेय?

खानापूरला माझी भाची शाळेत शिकवते. बाष्पीभवनावरचा तीन मिनिटांचा व्हिडिओ तिने फोनच्या पडद्यावर बोलायचा मजकूर सरकवत दाखवणारं टेलिप्रॉम्प्टर ॲप लावून केला आणि मला दाखवला. "मामा, कॅमेऱ्याकडंच बघत होते की मी!" पण आवाज बंद करून नुसते डोळे पाहिले, तर ते सारखे डावीकडून उजवीकडे फिरत होते.

तिने फोन आडवा ठेवला होता, चेहऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर. आडव्या फोनमध्ये पुढची लेन्स एका टोकाला जाते आणि मजकूर राहतो मध्यभागी, लेन्सपासून सुमारे ७ सेंटिमीटर बाजूला. एवढ्या अंतरावर हे सरकणं म्हणजे नजर १० अंशांनी वळणं. समोरच्याची नजर कुठे आहे हे आपण बुबुळाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या पांढऱ्या भागावरून ओळखतो, म्हणून बाजूला गेलेली नजर चटकन पकडली जाते. खाली गेलेली नजर मात्र बरीच माफ होते. स्टॅनफर्डमध्ये मिल्टन चेन यांनी २००२ साली दाखवलं, की व्हिडिओत कुणी लेन्सच्या किंचित खाली, सुमारे ५ अंशांपर्यंत बघत असेल, तरी पाहणाऱ्याला ते आपल्याकडेच बघतंय असं वाटतं.

मग उपाय सरळ होता. फोन उभा केला, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर आणली आणि भाचीला एक मीटर मागे बसवलं. वाचायची ओळ लेन्सखाली ३ सेंटिमीटरवर ठेवली, म्हणजे फरक उरला दोन अंशांहून कमी. मजकुराची पट्टी ६ सेंटिमीटर रुंद, ओळीत दोन-तीनच शब्द. त्यामुळे ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर साडेतीन अंशांच्या आतच हलते. आधी हीच हालचाल १७ अंशांची होती! अक्षर मात्र मोठं करावं लागतं, आणि आपल्या मात्रा-उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींमध्ये मोकळी जागाही जास्त सोडावी लागते. ॲपमधला आरशाचा पर्याय बंदच ठेवायचा. तो वृत्तनिवेदकांसमोरच्या तिरक्या काचेसाठी असतो. काच नसेल तर अक्षरं उलटी दिसतात.

खरी गंमत वेगात आहे. मजकूर आपल्या बोलण्यापेक्षा हळू सरकला, की आपण नकळत पुढच्या, म्हणजे खालच्या ओळी वाचू लागतो. सुरुवातीला सरळ असलेली नजर मिनिटाभरात हनुवटीकडे उतरते. व्हिडिओच्या पहिल्या आणि शेवटच्या क्षणाचे डोळे शेजारी ठेवून पाहिले, की हा दोष लगेच कळतो. भाचीच्या दुसऱ्या प्रयत्नात नेमकं हेच झालं. वेग थोडा वाढवला आणि प्रत्येक परिच्छेदानंतर दोन रिकाम्या ओळी टाकल्या. तिथे वाचायला काहीच नसल्यामुळे नजर आपोआप लेन्सवर जाते, आणि वाचताना कमी झालेली पापण्यांची उघडझापही तिथे भरून निघते.

तिसऱ्या प्रयत्नात डोळे जमले. आवाज मात्र एका मीटरवरून पोकळ येऊ लागला, म्हणून पदराला छोटा माईक लावून चौथ्यांदा बसावं लागलं.