गेलेल्या कुत्र्यासोबत घरच्यांचा फोटो: आम्ही तो कसा बनवतो आणि तुमच्याकडून काय लागतं

आमच्याकडे या कामासाठी येणारे बहुतेक जण मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, हा आमचा अमुक, मागच्या महिन्यात गेला, याला आमच्या फॅमिली फोटोत बसवून द्या. आणि पुढे केलेला फोटो असतो सगळ्यात गोड, मान वर, जीभ बाहेर, डोळे हे एवढे मोठे. बरेचदा नेमका तोच फोटो चालत नाही. का चालत नाही हे काउंटरवर पाच मिनिटात सांगणं अवघड जातं, समोरच्याचे डोळे भरलेले असतील तर आम्हालाच बोलवत नाही, म्हणून हा कागद छापून ठेवलाय. घरी न्या, चहा घेत वाचा आणि मग फोटो शोधायला बसा.

मुद्दा एकच आहे. आधी कुत्र्याचा फोटो ठरवायचा, मग त्याच्या हिशोबाने घरच्यांचा फोटो काढायचा. लोक उलटं करतात, लग्नात किंवा दिवाळीत काढलेला झकास फॅमिली फोटो घेऊन येतात आणि त्यात कुत्रा घुसवायला सांगतात. आता तुम्हाला पुन्हा बसवता येतं, कॅमेरा खालीवर करता येतो, सकाळच्या ऐवजी संध्याकाळी या म्हणता येतं, पण कुत्र्याचे जे फोटो आहेत तेवढेच आहेत, त्यात आता भर पडणार नाही. त्यामुळे जुळवून तुम्ही घ्यायचं, त्याने नाही.

चिंगीचं उदाहरण

घरच्यांना विचारून सांगतोय. चिंगी गावठी, तांबूस रंगाची, पुढच्या दोन्ही पायांना पांढरे मोजे, डावा कान अर्ध्यात मोडलेला. तेरा वर्षं तिची जागा एकच, मागच्या दाराची दुसरी पायरी. घरच्यांना तोच फोटो पाहिजे होता, पायऱ्यांवर सगळे बसलेत आणि चिंगी आजोबांच्या शेजारी.

त्यांनी चाळीसेक फोटो दिले. त्यातले तीसेक तिथल्या तिथे बाजूला काढले, कारण ते उभं राहून वरून काढलेले. आपण सगळे तसेच काढतो, कुत्रा खाली बसलेला असतो आणि आपण खिशातून फोन काढून वरूनच क्लिक करतो. अशा फोटोत डोकं मोठं, पाय बारीक आणि मागे सगळी फरशीच फरशी दिसते. घरचे मात्र समोरून काढलेले असतात. दोन्ही एकत्र केलं की कुत्रा पायरीवरून पुढे घसरतोय असं वाटतं, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. तुमच्याकडचा फोटो ओळखायची सोपी खूण, कुत्र्याच्या डोक्यामागे काय दिसतंय ते बघा. भिंत, दार, झाडं दिसत असतील तर कॅमेरा खाली होता, म्हणजे कामाचा. फक्त जमीन दिसत असेल तर वरून काढलाय. अगदी तोंडाजवळ फोन नेऊन काढलेलेही सोडून द्या, त्यात नाक बटाट्याएवढं येतं आणि कान मागे कुठेतरी जातात, गंमत म्हणून छान पण शेजारी माणूस बसवला की बिघडतं.

उरले सातआठ. त्यातला एक फार सुरेख होता, नातीने अंगणात मांडी घालून बसून काढलेला, सकाळचं कोवळं ऊन चिंगीच्या एका गालावर. पण ऊन डावीकडून, आणि आम्हाला चिंगी बसवायची त्या मागच्या पायऱ्या पश्चिमेला, तिथे ऊन येतं दुपारनंतर आणि फोटोत ते उजवीकडून पडतं. माणसांच्या चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि कुत्र्याची दुसरी, हे कितीही रंग सारखे केले तरी लपत नाही.

मग फोटो आरशासारखा उलटा का करत नाही, असं कोणीही विचारेल. आम्हीही एकदा केला होता. दुसऱ्याच एका घरचा कुत्रा, एका डोळ्यावर काळा डाग असलेला, उजेड जुळावा म्हणून उलटा केला आणि कच्चा फोटो पाठवला. त्या ताईंनी बघितला आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण हा आमचा नाही." त्यांनाही मिनिटभर कळेना काय चुकलंय, मग लक्षात आलं की डाग दुसऱ्या डोळ्यावर गेलाय. रोज ज्याचं तोंड बघितलंय त्याची डावी-उजवी घरच्यांच्या डोळ्यात बसलेली असते. तेव्हापासून उलटा करणं बंद. चिंगीचा मोडका कान डावा तो डावाच राहणार.

शेवटी निवडला तो दिसायला साधा फोटो, पावसाळ्यात ढगाळ दिवशी, चिंगी नुसती बसलीये, सरळ बघतीये, तोंड मिटलेलं. पहिल्यांदा कोणाला आवडलाच नाही. पण ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, त्याला दिशा नसते, म्हणून तो कुठेही बसवता येतो, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला होता. उजेड कुठून होता हे कळत नसेल तर फोटो मोठा करून डोळ्यातला पांढरा ठिपका बघा, खिडकी किंवा आकाश ज्या बाजूला असतं त्या बाजूला तो असतो. फ्लॅश मारून काढलेल्यात डोळे हिरवे चमकतात, ते दुरुस्त होतात, पण सपाट पडलेलं तोंड दुरुस्त होत नाही.

घरच्यांचं शूट

सकाळी नऊला गेलो. पायऱ्या पश्चिमेच्या म्हणजे तेव्हा घराचीच सावली त्यांच्यावर, उजेड मऊ, ढगाळ दिवसासारखाच. कॅमेरा पायरीवर बसलेल्या चिंगीच्या डोळ्यांच्या उंचीला.

चिंगीच्या जागी एक पिशवी ठेवली, आत गोधडी गुंडाळून. लोक हसतात यावर, पण रिकाम्या जागेकडे बघून माणसं नीट बसत नाहीत, एकमेकांना चिकटतात आणि मग कुत्र्याला जागाच उरत नाही. हातही हवेत ठेवता येत नाही. आजोबांचा हात तिच्या पाठीवर पाहिजे होता, तो पिशवीवर ठेवला, बोटं थोडी पसरून, म्हणजे नंतर बोटांच्या मधून केस काढता येतात.

पिशवी किती उंच ठेवायची? आजोबा म्हणाले कमरेएवढी होती, सूनबाई म्हणाल्या छे, गुडघ्याएवढी. आठवणीत कुत्री मोठी होतात, हे आम्ही नेहमी बघतो. एका जुन्या फोटोत चिंगी अंगणात याच पायऱ्यांना चिकटून बसलेली सापडली, कानाचं टोक चौथ्या पायरीच्या जरासं खाली. पायरी मोजली, सात इंच. म्हणजे बसलेली चिंगी साधारण सत्तावीस इंच. तेवढीच पिशवी ठेवली, वाद मिटला. तुमच्याकडेही असा एखादा फोटो शोधा ज्यात कुत्रा फरशीजवळ, दाराजवळ, स्कूटरला टेकून, अशा कुठल्या तरी वस्तूला चिकटून आहे जी अजून घरात आहे आणि मोजता येईल. गळ्यातला पट्टा असेल तर तोही आणा, कुठल्या भोकात लावत होता ते बघून मानेचा घेर कळतो.

कॉम्प्युटरवर काय होतं

कापायचं काम सगळ्यांना मोठं वाटतं, ते तेवढं नाही. अंगाची कड सरळ कापली तर कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं म्हणून कडेचे केस एकेक करून काढावे लागतात, मिशाही. गवतात काढलेल्या फोटोत पोटाखालचे केस हिरवट झालेले असतात, कारण गवताचा रंग वर उडतो. ते हिरवं काढून तिथे पायरीच्या दगडाचा रंग अगदी किंचित टाकावा लागतो.

खरा कस लागतो पंजांखाली. पंजा आणि बूड जिथे टेकतं तिथे एक बारीक गडद सावली असते, जेमतेम बोटाएवढी, आणि पुढे ती पसरत फिकी होत जाते. ती नसेल तर कुत्रा तरंगतो. म्हणून आमच्याकडून कच्चा फोटो आला की आधी तोंड बघू नका, तोंड बघितलं की माणूस हळवा होतो आणि सगळंच बरं वाटायला लागतं. आधी पंजे बघा, मग आजूबाजूच्या माणसांच्या मानाने उंची, मग डाग-कान-शेपटी बरोबर बाजूला आहेत का, आणि शेवटी तोंड. चुका मोकळेपणाने सांगा, दोनदा दुरुस्ती त्याच पैशात आहे.

फोटो पाठवताना

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आक्रसतो, लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास येते. आता हिशोब बघा. १२ बाय १८ इंचाच्या आडव्या प्रिंटमध्ये कुत्रा साधारण पाच इंच उंच येतो. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे पिक्सेल धरतात, म्हणजे नुसत्या कुत्र्याला पंधराशे पाहिजेत. फोनमधला मूळ फोटो ४००० बाय ३००० चा आणि कुत्रा त्यात निम्म्या उंचीएवढा असेल तर बरोबर पंधराशे मिळतात. तोच फोटो आक्रसून आला तर सहाशे, म्हणजे इंचाला एकशेवीस, आणि केसांच्या जागी लोकरीचा गोळा दिसतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर सरळ फोन घेऊन या. नातेवाईकांकडून फिरून आलेला फोटो असेल तर ज्याने काढला त्याच्याकडे मूळ मागा. व्हिडिओतून काढलेल्या फोटोवर आम्ही छोटी प्रिंट देतो, मोठीचा आग्रह धरू नका.

काही गोष्टी होत नाहीत त्याही सांगतो. मिटलेले डोळे उघडून मिळत नाहीत, म्हणजे दुसऱ्या फोटोतले बसवता येतात पण तो त्याच कोनातला असला पाहिजे, तसा तो क्वचित सापडतो. काळा कुत्रा रात्री ट्यूबलाईटखाली काढलेला असेल तर त्यात केस उरलेलेच नसतात, नुसता काळा आकार. शेवटच्या दिवसातली सलाईनची पट्टी किंवा पायातली सुई काढून टाकतो, पांढरं झालेलं तोंड मात्र आपणहून काळं करत नाही, तसं पाहिजे असेल तर तरुणपणीचाच फोटो द्या. फोटोतच हार घालून द्या असंही काही जण म्हणतात, ते करत नाही, पायरीवर मजेत बसलेल्या कुत्र्याच्या गळ्यात हार विचित्र दिसतो. भिंतीवरच्या फ्रेमला तुम्ही घाला की.

पूर्ण काम व्हायला शूट धरून दहाबारा दिवस लागतात, दर काउंटरवर लावलेत. आणि मापासाठी पट्टा आणलात तर प्रिंट घेताना आठवणीने परत मागा. आमच्या ड्रॉवरमध्ये एक लाल पट्टा घुंगरासकट दीड वर्ष पडून आहे, दिलेला नंबर लागत नाही. तुमचा असेल तर येऊन घेऊन जा.