पहाटे टाकीत नेमकं ९० सेंटिमीटर का दिसतं?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची पातळी मोबाइलवर दिसावी, म्हणून माझ्या भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत एक यंत्र बनवलं. टाकीच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि त्याला जोडलेला अर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. चारच दिवसांत त्याचा फोन आला. "मामा, दोन गोष्टी कळत नाहीयेत. दुपारी पंप बंद असताना पाणी वाढतं. आणि पहाटे कधी कधी रीडिंग एकदम ९० सेंटिमीटरवर जातं. ८९ नाही, ९१ नाही, नेमकं ९०!" शेजारच्या आजींनी टाकी पश्चिमेला असल्याचा दोष काढून झाला होता. दिशेचा काही संबंध नव्हता, पण दोन्ही कोडी मला इतकी आवडली की मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या गच्चीवर गेलो.

आधी एक गैरसमज दूर करू. एचसी-एसआर०४ नावाचा दोन डोळ्यांचा हा सेन्सर अंतर मोजत नाही. तो फक्त ओरडतो आणि ऐकतो. त्याच्या ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा टिचका दिला, की एका डोळ्यातून ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीच्या आठ लहरी बाहेर पडतात. त्या सुटल्या की इको पिनवर ५ व्होल्ट येतात, आणि प्रतिध्वनी दुसऱ्या डोळ्यात परतला की ते पुन्हा शून्यावर जातात. प्रतिध्वनी आल्यावर इको पिन चढते असं पुष्कळ जणांना वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा ती उतरते. ट्रिगर दिल्यापासून इको पिन चढेपर्यंत काही शे मायक्रोसेकंद जातात. म्हणून ट्रिगरपासून वेळ मोजणाऱ्याचं उत्तर कित्येक सेंटिमीटरांनी चुकतं. मोजायचा असतो तो फक्त इको पिनच्या चढ-उतारामधला काळ. ध्वनी जाऊन परत येतो, त्यामुळे त्या काळाला ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मं केलं की अंतर मिळतं.

(जाता जाता. याच 'अल्ट्रासॉनिक'च्या नावावर डास पळवणारी प्लगमध्ये लावायची यंत्रं विकली जातात. प्रत्यक्ष वस्त्यांमध्ये केलेल्या १० चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २००७ साली घेतला. डास चावण्याचं प्रमाण या यंत्रांनी कमी होतं, असं त्यात कुठेही दिसलं नाही. मच्छरदाणीच घ्या.)

आता तो काळ मोजायचा कसा? अर्डुइनोमधली सोपी आज्ञा म्हणजे `pulseIn()`. ही म्हणजे कुकरची शिट्टी मोजायला ओट्यापाशीच उभं राहणं. पिन उतरेपर्यंत प्रोसेसर दुसरं काही करत नाही, फक्त आपल्या फेऱ्या मोजत बसतो. शिवाय अर्डुइनोचं आतलं घड्याळ दर मिलिसेकंदाला त्याला काही मायक्रोसेकंदांसाठी हाक मारतं. तेवढ्या फेऱ्या मोजायच्या राहून जातात. दुसरा मार्ग इंटरप्टचा. पिन बदलली की प्रोसेसर हातातलं काम सोडून धावत जातो आणि घड्याळ बघतो. पण त्या क्षणी तो दुसऱ्याच इंटरप्टमध्ये अडकलेला असेल, तर शिट्टी ऐकूनही घड्याळापाशी उशिरा पोचतो आणि उशिराची वेळ लिहून ठेवतो.

तिसरा मार्ग माझा लाडका आहे, इनपुट कॅप्चर. गिरणीत किंवा कारखान्यात हजेरीचं पंचिंग मशीन असायचं, ते आठवा. कामगार कार्ड आत सरकवतो आणि त्याच क्षणी त्यावर वेळ छापली जाते. टाइमकीपर तेव्हा चहा पीत असला तरी बिघडत नाही. दुपारी त्याने कार्ड पाहिलं तरी छापलेली वेळ सकाळचीच राहते. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये अगदी असंच मशीन आहे. टायमर १ हा १६ बिटांचा काउंटर ० ते ६५,५३५ असा अखंड पळत असतो. चिपच्या एका ठरावीक पिनवर, म्हणजे उनोच्या ८ नंबरच्या पिनवर, सिग्नल चढला किंवा उतरला की त्या क्षणीचा आकडा हार्डवेअर स्वतःच `ICR1` नावाच्या कप्प्यात छापून ठेवतं. त्यासाठी प्रोग्रामची एकही ओळ चालावी लागत नाही. इंटरप्ट नंतर येतो, तो फक्त कार्ड वाचायला.

भाच्याने लिहिलेला मुख्य भाग असा होता:

```c
volatile uint16_t start, width;
volatile uint8_t done;

ISR(TIMER1_CAPT_vect) {
  uint16_t t = ICR1;
  if (TCCR1B & (1 << ICES1)) {
    start = t;
    TCCR1B &= ~(1 << ICES1);
  } else {
    width = t - start;
    TCCR1B |= (1 << ICES1);
    done = 1;
  }
  TIFR1 = (1 << ICF1);
}
```

`ICES1` हा बिट १ असेल तर चढ पकडला जातो, ० असेल तर उतार. म्हणून चढ सापडला की लगेच उताराची वाट पाहायला सांगायचं. हा बिट बदलताना खोटा कॅप्चर नोंदला जाऊ शकतो, तो शेवटच्या ओळीत पुसला आहे. सुरुवातीची मांडणी अशी:

```c
TCCR1A = 0;
TCCR1B = (1 << ICNC1) | (1 << ICES1) | (1 << CS11);
TIMSK1 = (1 << ICIE1);
```

इथली पहिली ओळ बिनकामाची दिसते, पण ती गाळली की फसगत होते. अर्डुइनो सुरू होतानाच टायमर १ ला पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे पिन झपाट्याने चालू-बंद करण्याच्या, कामाला लावून ठेवतो, आणि मग तो २५५ पर्यंत चढून पुन्हा खाली उतरतो. रीडिंग कधी ४०, कधी ६५,४८० असं येऊ लागलं, तर आधी ही ओळ शोधावी. `CS11` मुळे १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ८ ने भागलं जातं, म्हणजे काउंटरचा एक ठोका अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. `ICNC1` ने गाळणी लागते. सलग चार वेळा सिग्नल सारखा दिसला तरच तो खरा धरला जातो. चढ आणि उतार दोन्हींना ती तेवढाच उशीर करते, त्यामुळे वजाबाकीत तो उशीर निघून जातो.

काउंटर मध्येच शून्यावर आला तर काय, अशी शंका येईल. समजा पाणी सेन्सरपासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि हवा ३० अंशांची. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४९.५ मीटर, म्हणजे १.६ मीटरच्या फेरीला ४.५७८ मिलिसेकंद, म्हणजेच ९,१५६ ठोके. चढ ६०,००० वर सापडला, तर उतार काउंटर फिरून ३,६२० वर सापडेल. ३,६२० वजा ६०,००० हे उणे येतं. पण `uint16_t` या १६ बिटांच्या कप्प्यात उणे आकडा मावत नाही, त्यात आपोआप ६५,५३६ मिळवले जातात आणि उत्तर बरोबर ९,१५६ मिळतं. भिंतीवरचं घड्याळही असंच वापरतो आपण. अकराला निघून दोनला पोचलो तर तीन तास लागले, हे सांगताना उणे नऊची अडचण येत नाही.

पण घड्याळाचा काटा दोनदा फिरून गेला तर ते घड्याळाला कळत नाही, आणि पहाटेच्या ९० चं कोडं इथेच सुटलं. अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या ठोक्याने काउंटर ३२.७६८ मिलिसेकंदांत पूर्ण फिरतो. प्रतिध्वनी आलाच नाही, तर सेन्सर साधारण ३८ मिलिसेकंद वाट पाहून इको पिन आपणहून उतरवतो. ३८ मिलिसेकंद म्हणजे ७६,००० ठोके. त्यातून एक पूर्ण फेरी, ६५,५३६, वजा जाते आणि हाती उरतात १०,४६४. म्हणजे ५,२३२ मायक्रोसेकंद. भाचा नेहमीच्या सूत्राने ५८ ने भागत होता. उत्तर ९०.२ सेंटिमीटर!

म्हणजे '९०' हे अंतर नव्हतंच. 'काहीच ऐकू आलं नाही' हे सांगण्याची सेन्सरची ती पद्धत होती, आणि एक फेरी गिळल्यामुळे ती अंतरासारखी दिसत होती. पहाटेच का, ते झाकण उघडल्यावर दिसलं. रात्री झाकण गार होतं, खालचं पाणी कोमट असतं, आणि वाफेचे थेंब सेन्सरच्या जाळीवर जमतात. खात्री करायला मी सेन्सर हातात धरून त्याचे दोन्ही डोळे फडक्याने झाकले. स्क्रीनवर लगेच ९०.

यावर दोन उपाय होते. काउंटर किती वेळा फिरला ते ओव्हरफ्लो इंटरप्टने मोजायचं, किंवा ठोकाच लांबवायचा. मी दुसरा सुचवला. `CS11` च्या जोडीला `CS10` लावलं की घड्याळाला ६४ ने भागलं जातं, ठोका ४ मायक्रोसेकंदांचा होतो आणि फेरी २६२ मिलिसेकंदांची. मग २५ मिलिसेकंदांहून मोठा काळ आला की तो सरळ फेकून द्यायचा. भाच्याला ते पटेना. "पण मामा, अचूकता आठपट कमी होईल!" कागदावर होते खरी, अंतरात ०.०९ ऐवजी ०.७ मिलिमीटर. पण सेन्सर प्रतिध्वनी ओळखतो तो लहरीची उंची एका पातळीवर गेली की. प्रतिध्वनी क्षीण असेल तर ती पातळी पुढच्या लहरीला गाठली जाते, आणि एका लहरीचा काळ असतो २५ मायक्रोसेकंद. म्हणजे अंतर एका झटक्यात चार मिलिमीटरांहून जास्त सरकतं. ज्याचा धावपटूच २५ मायक्रोसेकंद इकडेतिकडे करतो, त्याने अर्ध्या मायक्रोसेकंदाचं घड्याळ मिरवण्यात अर्थ नाही. या सेन्सरने मिलिमीटरचे अंश मोजल्याचे दावे दिसतात, ते दाखवणाऱ्याने दशांश चिन्हापुढचे आकडे छापलेले असतात, मोजलेले नसतात.

राहिलं दुपारचं वाढणारं पाणी. ५८ ने भागणं म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४.८ मीटर गृहीत धरणं, जो साधारण २२ अंशांच्या हवेत असतो. मे महिन्यात दुपारी काळ्या झाकणाखालची हवा ४५ अंशांवर गेली होती, तिथे वेग साधारण ३५८.६. पाणी ८० सेंटिमीटरवरच असतं, पण प्रतिध्वनी ४.४६ मिलिसेकंदांत परततो आणि सूत्र ७६.९ सांगतं. टाकीचा व्यास एक मीटर धरला, तर पंप न लावता २४ लिटर पाणी आलं!

त्यावर तापमान मोजणारा डीएस१८बी२० हा छोटा सेन्सर टाकीत मध्यावर टांगला आणि वेग दर वेळी काढला:

```c
float v = 331.3 + 0.606 * tempC;               // m/s
float cm = width * 4.0e-6 * v * 100.0 / 2.0;
```

आता दुपारचं पाणी अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरनेच वाढतं. झाकणाजवळची हवा तापलेली आणि पाण्यालगतची गार, त्यामुळे एका जागचं तापमान पूर्ण वाटेचं नसतं. शिवाय दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, तिच्यात ध्वनी थोडा आणखी जोरात पळतो. पहाटे मात्र स्क्रीनवर आता नुसती एक आडवी रेघ येते, आणि भाचा जाळी पुसायला गच्चीवर जातो. बंद डोळ्यांचा जलरोधक सेन्सर मिळतो, पण त्याला २० सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की पाणी नेमकं तिथेच असतं. तो बसवायचा तर झाकणाच्या वर वीतभर पाइप उभा करावा लागेल, आणि त्याला अजून माझ्या बहिणीची परवानगी मिळालेली नाही.