लिंबू-मधाचे पाणी: वजन, दात आणि जळजळ

"रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतलं की चरबी वितळते, आणि त्याचा अपायही काही नाही, हे खरं ना?"

नाही. चरबी वितळवण्याचा गुण लिंबातही नाही आणि मधातही नाही. उलट मोठा चमचाभर मधातून सुमारे ६० कॅलरी मिळतात. वजन उतरलेच, तर बहुधा त्या पाण्यापायी साखरेचा चहा सुटल्यामुळे.

दातांची झीज मात्र खरी आहे. पीएच हा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र. तोंडातील पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दातांवरच्या कठीण थरातील, खनिजे विरघळू लागतात, आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो. नाशिकला गंगापूर रोडवर सकाळी फिरताना हेच पाणी बाटलीतून तासभर घोटघोट पिणाऱ्याच्या लाळेला हे आम्ल निवळण्याची उसंतच मिळत नाही. त्यात घरी येताच ब्रश केला, तर मऊ पडलेला थर घासून निघतो. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात, गार पाणी झोंबते, आणि गेलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. प्यायचेच असेल तर एकदाच पिऊन साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश आधी किंवा तासाभराने करावा.

ज्यांना आम्ल घशाशी येते, त्यांच्या आधीच दुखावलेल्या अन्ननलिकेला लिंबू आणखी झोंबू शकते. त्यांनी ते दोन आठवडे बंद ठेवून जळजळ कमी होते का, ते पाहावे.